लाखाची शिल्लक आणि रिकामं पाकीट

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत दोन शाळकरी मुलं होती. वीस मिनिटांनी ती बाहेर आली, सुखरूप आली, पण लिफ्टवाल्याने दोर आणि कंट्रोल पॅनेल बदलावं लागेल असं लिहून दिलं. खर्च साडेचार लाख. कमिटीने हिशेब केला: चाळीस घरं, दर घरी ११,२५० रुपये. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत हा विषय घातला आणि नोटिशीसोबत नेहमीप्रमाणे ऑडिट झालेले हिशेबही वाटले.

दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे काका ते कागद घेऊन माझ्याकडे आले. रेल्वेत मोटरमन होते, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. त्यांनी दोन ठिकाणी लाल पेनने गोल केले होते. एक गोल उत्पन्न-खर्च पत्रकाच्या तळाशी, ‘खर्चावरील उत्पन्नाचे आधिक्य १,००,०००’ या ओळीवर. दुसरा ताळेबंदात, ‘दुरुस्ती निधी ६,८०,०००’ वर. म्हणाले, “मॅडम, तुम्ही खजिनदार. मला एवढंच सांगा, लाख रुपये शिल्लक पडले, दुरुस्तीसाठी सहा लाख ऐंशी हजार आहेत, मग लिफ्टसाठी माझ्याकडे अकरा हजार कशाला मागता?”

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला माहीत होतं, कारण त्याच वर्षी मी खजिनदार झाले होते आणि आयुष्यभर बँकेत काम केल्यामुळे ताळेबंद वाचायची सवय होती. पण ते दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. ते सगळ्यांना एकत्र सांगायला हवं होतं. आजवर आमच्या सभेत हिशेब ‘वाचले’ जायचे. कोणीतरी आकडे भराभर म्हणायचं, मागून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज यायचा आणि पाच मिनिटांत पुढचा विषय. त्या पाच मिनिटांत आमच्या संस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सहा वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्या सभेत मी जे बोलले, ते माझ्या टिपणावरून आणि आठवणीवरून इथे देत आहे. आकडे आमचे आहेत, पण असे कागद महाराष्ट्रातल्या प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदाच्या हातात दरवर्षी पडतात.

सभा पार्किंगमध्ये होती. मी दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर आकडे लिहून आणले होते आणि एका पिशवीत तीन पाकिटं.

“नमस्कार. अहवालाची सगळी पानं मी वाचणार नाही. ती तुम्हाला चौदा दिवस आधी मिळाली आहेत. मी फक्त तळमजल्यावरच्या काकांच्या एका प्रश्नाचं उत्तर देणार आहे. शिल्लक लाखाची आहे, निधी लाखांचे आहेत, मग वर्गणी का?

“सुरुवात तुमच्या बिलापासून करू. दर महिन्याला प्रत्येक घराला ३,००० रुपयांचं बिल जातं. त्याला आपण सगळे ‘मेंटेनन्स’ म्हणतो, पण त्या बिलात दोन वेगवेगळे पैसे आहेत. २,५०० रुपये रोजच्या खर्चासाठी: वॉचमन, वीज, पाणी, सफाई. उरलेले ५०० खर्चायचे नसतात, साठवायचे असतात. त्यांतले १२५ सिंकिंग फंडाचे आणि ३७५ दुरुस्ती निधीचे. हे आकडे कमिटीने मनाने ठरवलेले नाहीत. उपविधी सांगतात की घराच्या बांधकामखर्चाच्या, जमीन सोडून, वर्षाला किमान पाव टक्का सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत गेला पाहिजे. आपल्या प्रत्येक घराचा बांधकामखर्च सहा लाख धरलेला आहे. सहा लाखांचा पाव टक्का म्हणजे वर्षाला १,५००, महिन्याला १२५. पाऊण टक्का म्हणजे वर्षाला ४,५००, महिन्याला ३७५.

“दुरुस्ती निधी रंग, पाइप, लिफ्ट असल्या नेहमीच्या मोठ्या दुरुस्त्यांसाठी. सिंकिंग फंड त्याहून दूरचा. इमारतीचे खांब-तुळया बळकट करायची किंवा ती नव्याने बांधायची वेळ आली तर, सभेचा ठराव करून आणि वास्तुविशारदाचा दाखला घेऊन वापरायचा. आपली इमारत २००४ सालची आहे. त्या पैशाची गरज आपल्यालाच पडणार आहे.

“आता पहिला पुठ्ठा, उत्पन्न-खर्च पत्रक. यात फक्त ते २,५०० येतात. चाळीस घरं, बारा महिने, १२ लाख रुपये. थकबाकीवरचं व्याज ४८,०००. बँकेचं व्याज आणि भाड्याने दिलेल्या घरांचं बिनभोगवटा शुल्क मिळून ३०,०००. एकूण उत्पन्न १२,७८,०००. खर्च बघा. वॉचमन ४,३२,०००. वीज आणि पाणी ४,०८,०००. सफाई १,४४,०००. लिफ्टचा वार्षिक करार, बारीकसारीक दुरुस्त्या, विमा, ऑडिट, छपाई मिळून १,७०,०००. आणि घसारा २४,०००. एकूण ११,७८,०००. वजाबाकी केली की एक लाख उरतात. काकांनी गोल केलेला आकडा हाच.”

इथे दुसऱ्या रांगेतल्या एका वहिनींनी विचारलं, “घसारा कोणाला देतो आपण?” प्रश्न चांगला होता, म्हणून थांबले.

“कोणालाच नाही. पंप आणि कॅमेरे आपण आधीच विकत घेतलेत. दरवर्षी ते थोडे झिजतात, म्हणून त्यांची किंमत आपण वहीत कमी करत जातो. खर्च म्हणून लिहितो, पण खिशातून काही जात नाही. म्हणजे शिल्लक लाखाची आणि त्यात हे २४,००० मिळवले, तर वर्षभरात बँकेत १,२४,००० वाढायला हवे होते. बरोबर? आता बचत खात्याचं पासबुक बघा. ३१ मार्च २०२४ ला २,७०,००० होते. ३१ मार्च २०२५ ला १,८०,०००. वाढले नाहीत, ९०,००० कमी झाले.”

पार्किंगमध्ये एकदम कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “गेले कुठे?” मला याच प्रश्नाची वाट होती.

“कुठे गेले नाहीत. ते आलेच नाहीत. उत्पन्न-खर्च पत्रकाचा एक नियम आहे. बिल दिलं की उत्पन्न लिहायचं, पैसे हातात येवोत न येवोत. घरात आपण असं करत नाही. भाडेकरूने भाडं दिलं नाही तर आपण ते मिळालं असं धरत नाही. संस्थेच्या हिशेबात धरावं लागतं, कारण ते संस्थेचं येणं आहे आणि वहीत दिसलंच पाहिजे. त्यामुळे ‘आधिक्य’ हा शब्द वाचला की लगेच पुढचं पान उलटायचं आणि ‘सभासदांकडून येणे’ ही ओळ शोधायची. गेल्या वर्षी तिथे ३,०६,००० होते. या वर्षी ५,२०,०००. थकबाकी २,१४,००० नी वाढली. हिशेबाप्रमाणे १,२४,००० यायला हवे होते, त्यातून न आलेले २,१४,००० वजा करा. उणे ९०,०००. पासबुकाशी रुपयाने जुळतं.”

मी तो आकडा पुठ्ठ्यावर लिहून दाखवला, कारण तोंडी सांगितलेली वजाबाकी कोणाच्या डोक्यात राहत नाही. सोपी पडताळणी आहे. निधींसाठी बिलांत लावलेली पूर्ण रक्कम त्याच वर्षी मुदत ठेवीत गेली असेल, वर्षभरात नवी मोठी खरेदी झाली नसेल आणि द्यायची बिलं दोन्ही वर्षी साधारण सारखी असतील, तर आधिक्य, घसारा आणि थकबाकीतला फरक या तीन आकड्यांवरून बचत खात्यातला बदल कोणालाही काढता येतो. आमच्याकडे निधीचे वर्षाचे २,४०,००० ठेवीत गेले होते, म्हणून गणित इतकं नेमकं बसलं. तुमच्या संस्थेत ते बसलं नाही, तर पहिला प्रश्न निधीच्या ठेवीबद्दल विचारायचा.

“ही ५,२०,००० ची थकबाकी कोणाची?” मी पुढे म्हणाले. “चोवीस घरांकडे एक पैसाही बाकी नाही. बारा घरांकडे एक-दोन महिन्यांची बिलं राहिलीत, मिळून ७०,०००. ते नेहमीचंच आहे. कोणाचा पगार उशिरा होतो, कोणी गावी असतं. राहिली चार घरं. त्यांच्याकडे ४,५०,००० आहेत. गेल्या वर्षी त्यांच्याकडे २,५८,००० होते. वर्षभरात त्यांनी एकही बिल भरलं नाही आणि त्यावर ४८,००० व्याज चढलं.

“हे ४८,००० म्हणजे मघाशी उत्पन्नात वाचलेलं तेच व्याज. आपण ठरावाने १५ टक्के लावतो, उपविधी २१ टक्क्यांपर्यंत लावू देतात. ज्यांनी मुद्दल भरलं नाही त्यांनी व्याजही भरलेलं नाही. तरी ते आपल्या लाखाच्या शिल्लकेत बसलंय. त्या चार घरांच्या रोजच्या खर्चाच्या बिलाचे वर्षाचे १,२०,००० आणि हे ४८,००० बाजूला काढले, तर लाखाच्या शिल्लकेच्या जागी ६८,००० ची तूट दिसते. मग वॉचमनचा पगार थांबला का? नाही. वीज तुटली का? नाही. मग ही तूट कोणी भरली?”

मी पिशवीतून तीन पाकिटं काढली. जाड तपकिरी कागदाची, आमच्या वाण्याकडची. प्रत्येकावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

“माझी आई महिन्याच्या एक तारखेला पगाराचे पैसे पाकिटांत घालायची. दूध, शाळेची फी, दिवाळी. कधी महिनाअखेर भाजीला कमी पडले तर दिवाळीच्या पाकिटातून वीस रुपये घ्यायची आणि आत चिठ्ठी टाकायची: ‘वीस घेतले, परत ठेवणे.’ पाकिटावर ‘दिवाळी दोनशे’ असंच लिहिलेलं असायचं, पण आत एकशे ऐंशी आणि एक चिठ्ठी. ताळेबंद असाच असतो. डाव्या बाजूला पाकिटावर काय लिहिलंय ते. उजव्या बाजूला आत खरंच काय आहे ते. दोन्ही बाजू नेहमी जुळतात, कारण चिठ्ठीसुद्धा मोजली जाते.

“आपली तीन पाकिटं. राखीव निधी, ३,४०,०००. सिंकिंग फंड, व्याज धरून १४,६०,०००. दुरुस्ती निधी, ६,८०,०००. तिन्हींवर मिळून लिहिलंय २४,८०,०००. हे पैसे ठरलेल्या कामांसाठी बाजूला ठेवायचे आहेत. म्हणून ताळेबंदात ते देणी बाजूला दिसतात. आता उजव्या बाजूला मुदत ठेवी शोधा. १८,२४,०००. फरक ६,५६,०००.”

मी पाकिटं उघडली. पहिल्या दोनांमध्ये ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स होत्या. राखीव निधीच्या ठेवी ३,४०,०००, सिंकिंग फंडाच्या १४,६०,०००. तिसऱ्या पाकिटात २४,००० ची एक पावती आणि एक पांढरी चिठ्ठी. ती चिठ्ठी मी वाचली: “पाच लाख वीस हजार, थकबाकीत. एक लाख छत्तीस हजार, पंप आणि कॅमेऱ्यांत. एकूण सहा लाख छप्पन्न हजार.”

“हे काकांच्या दुसऱ्या गोलाचं उत्तर,” मी म्हणाले. “दुरुस्ती निधी ६,८०,००० आहे, पण कागदावर. बँकेत त्यातले २४,००० आहेत. लिफ्टला साडेचार लाख लागणार आहेत.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ उठले आणि स्पष्टच म्हणाले, “याला अफरातफर म्हणतात.” माझ्या शेजारी जुन्या कमिटीतले दोघं बसले होते. त्यांचे चेहरे मी बघितले आणि ठरवलं, की याचं उत्तर नीट, संपूर्ण द्यायचं.

“नाही. अफरातफर असती तर दोन्ही बाजू जुळवायला खोटी बिलं लागली असती. इथे प्रत्येक रुपयाचं व्हाउचर आहे. ऑडिटरने वॉचमनच्या पगाराच्या पावत्या, वीजबिलं, पंपाचं बिल सगळं तपासलंय. फायलीत त्यांच्या हिरव्या शाईच्या खुणा आहेत, कोणीही बघू शकतं. झालं ते असं. थकबाकी वाढत गेली, रोजचा खर्च थांबवता येईना, म्हणून निधीसाठी आलेले पैसे ठेवीत न जाता बचत खात्यातच राहिले आणि तिथून वॉचमनला आणि विजेला गेले. पंप जळला तेव्हाही तेच. कोणीही स्वतःच्या घरी नेले नाहीत. पण हे चूकच होतं, आणि ते सहा वर्षं आपल्यासमोर छापलेलं असून आपण कोणीच विचारलं नाही, हेही तितकंच खरं आहे. या वर्षीचे २,४०,००० मात्र ठेवीत टाकलेत. ते आधी सिंकिंग फंडाचं भगदाड बुजवायला लागले, म्हणून तिसरं पाकीट रिकामं दिसतंय.”

एका तरुण सभासदाने विचारलं, “मग ऑडिटर काय करत होते?”

हा प्रश्न बहुतेक सभांमध्ये येतो आणि त्यामागे एक गैरसमज असतो. ऑडिट झालं म्हणजे सगळं आलबेल, असं लोकांना वाटतं. मी त्यांना अहवाल उघडायला सांगितला.

“ऑडिटर सांगतात की वहीत लिहिलंय ते खरं आहे का, कायद्याप्रमाणे आहे का. वॉचमनला बारा हजार द्यावेत की दहा, हे ते ठरवत नाहीत. ते आपण ठरवायचं. आणि त्यांनी हे सांगितलेलं आहे. पान चार, शेरा क्रमांक सात: ‘संस्थेने निधींच्या प्रमाणात गुंतवणूक केलेली नाही.’ गेल्या वर्षीच्या अहवालातही हाच शेरा होता. त्याच्या आधीच्या वर्षीही. कायदा म्हणतो की ऑडिटरने दाखवलेले दोष संस्थेने दुरुस्त करायचे आणि तीन महिन्यांच्या आत ‘ओ’ नमुन्यात दोषदुरुस्ती अहवाल द्यायचा. आपण दरवर्षी त्यात लिहिलं: ‘यापुढे काळजी घेण्यात येईल.’ ते वाक्य मी तुम्हाला तीन वर्षांच्या फायलींतून दाखवू शकते.

“आणखी एक लक्षात ठेवा. ताळेबंद हा ३१ मार्चच्या संध्याकाळचा फोटो असतो. ठेव दुसऱ्या दिवशी मोडली, तरी फोटोत ती दिसतेच. म्हणून आजच्या तारखेचं बँकेचं पत्र आणलंय. ठेवी आहेत, संस्थेच्या नावावर आहेत, आणि एकाही ठेवीवर कर्ज काढलेलं नाही. हे पत्र पुढच्या वर्षी खजिनदार कोणीही असो, मागून घ्या.”

यानंतर मी मंजुरीसाठी तीन गोष्टी मांडल्या. भाषणाचा हा भाग छोटा होता, पण हिशेबाच्या विषयावर सभेचं खरं काम तेच असतं. लाखाच्या आधिक्यातला किमान चौथा हिस्सा कायद्याप्रमाणे राखीव निधीत जातो, म्हणजे २५,००० जाणार होते. मी सभेला सांगितलं, की ते नुसते पाकिटावर लिहू नका. त्या रकमेची ठेव झाल्याची पावती पुढच्या कमिटी बैठकीत दाखवली जाईल, असं ठरावातच घाला. दुसरी गोष्ट, यापुढे कोणतंही बिल भरलं गेलं की त्यातले ५०० आधी वेगळ्या खात्यात जातील आणि दर तिमाहीला त्यांची ठेव होईल. तिसरी, जुनी थकबाकी वसूल झाली की ती थेट तिसऱ्या पाकिटात. ती रोजच्या खर्चाला वापरता येणार नाही, कारण ते पैसे मुळात तिथूनच उचलले होते.

चार घरांची नावं मी वाचली नाहीत. लोकांनी आग्रह केला, तरी नाही. त्यांतल्या एका घरात मालक वारलेत आणि दोन मुलांत वाद आहे. दुसऱ्या घरातल्या माणसाची नोकरी गेली आहे. उरलेली दोन घरं बंद असतात, मालक दुसरीकडे राहतात. यादी ऑफिसात आहे आणि हिशेब पाहण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. पण भर सभेत नाव घेतल्याने पैसे येतात, असा माझा अनुभव नाही. पैसे येतात ते ठरलेल्या वाटेने. आधी लेखी नोटीस, महिन्याने दुसरी. मग उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. पूर्वी हा अर्ज सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली व्हायचा, गृहनिर्माण संस्थांसाठी आता तो कलम १५४ बी-२९ खाली होतो. सोबत थकबाकीचा उतारा, बिलांच्या प्रती, व्याजाचा ठराव आणि नोटिशी पोचल्याचे पुरावे लागतात. व्याजाचा ठराव नसेल तर तिथे अर्ज अडकतो. आमचा होता, सुदैवाने. दाखला मिळाला की वसुली अधिकारी पुढची कारवाई करतो. शिवाय घर विकताना संस्थेचं येणं चुकतं केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे अशी थकबाकी सहसा बुडत नाही. पण वर्षं जातात, आणि लिफ्ट तेवढी वाट बघत नाही.

म्हणून लिफ्टची वर्गणी सभेने मंजूर केली, पण एक बदल करून. तो बदल मोटरमन काकांनीच सुचवला. ११,२५० रुपये वर्गणी म्हणून न घेता दुरुस्ती निधीत आगाऊ म्हणून घ्यायचे, घराच्या नावे लिहून ठेवायचे आणि थकबाकी वसूल होईल तसे पुढच्या बिलांतून वळते करायचे. त्यांचं म्हणणं असं होतं: “ज्यांनी वेळेवर भरलं, त्यांनी दुसऱ्यांची थकबाकी दान म्हणून का भरायची? उसनी भरू.” मला हे सुचलं नव्हतं. हिशेबात ते दाखवणं अगदी सोपं आहे. देणी बाजूला ‘सभासदांकडून आगाऊ’ अशी एक ओळ वाढते, एवढंच. पण ती ओळ पाकिटावर स्पष्ट लिहिलेली राहते आणि पुढच्या कमिटीला विसरता येत नाही.

सभा संपल्यावर वहिनी पुढे आल्या आणि तिसरं पाकीट हातात घेऊन आतली चिठ्ठी पुन्हा वाचली. म्हणाल्या, “हे पुठ्ठे पुढच्या वर्षीही आणा. अहवालापेक्षा हे कळतं.” मी पुठ्ठे ऑफिसच्या कपाटात ठेवले आहेत. पाकिटंही तिथेच आहेत.

डिसेंबरात लिफ्टचे दोर बदलले. जानेवारीत बंद घरांपैकी एकाच्या मालकाने घर विकायला काढलं आणि संस्थेकडे ना-हरकत पत्र मागितलं. त्याचे १,२६,००० रुपये, व्याजासह, दोन धनादेशांत आले. ठरावाप्रमाणे त्यांची पूर्ण रक्कम ठेवीत गेली. त्या पावतीची झेरॉक्स मी तिसऱ्या पाकिटात घातली आणि जुनी चिठ्ठी काढून नवी लिहिली. थकबाकी वाढली तेवढी वाढवली, वसूल झाली तेवढी वजा केली, आणि खाली तारीख घातली.